‘स्थापना १९३६’: पाटीवरचं साल तपासायचं कसं

पुण्यात दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव नसेल तर चालतं, पण स्थापनेचं साल हवंच. बातमीत ते साल आपण डोळे मिटून उतरवतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मग एका मसाल्याच्या कंपनीचं ‘नव्वदीत पदार्पण’ असं प्रसिद्धिपत्रक माझ्या टेबलावर आलं. पाकिटावर ‘सन १९३६ पासून’ असं छापलेलं होतं. बातमी जवळजवळ लावून झाली होती, तेवढ्यात आमच्या ग्रंथालयातल्या काकांनी एक जुनं कात्रण पुढे केलं. याच कंपनीची १९९३ मधली पाव पान जाहिरात, वर ठळक अक्षरांत ‘रौप्यमहोत्सवी वर्ष’. त्र्याण्णवातून पंचवीस वजा केले की अडुसष्ट उरतात, छत्तीस नाही.

त्या एका साल-तपासणीत मी तीन आठवडे घालवले. त्यातले दोन आठवडे चुकीच्या दारावर टकटक करण्यात गेले. तुमचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून मी तेव्हा काय केलं आणि आता काय करतो, ते क्रमाने मांडतो आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण शेवटी त्यांनी खोटेपणा केला असं काही निघालं नाही.

१. आधी विचारा: त्या साली नेमकं काय सुरू झालं?

ही पायरी सोडली की पुढचं सगळं चुकतं. ‘कंपनी कधी स्थापन झाली’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात चार वेगळे प्रश्न लपलेले असतात. आजोबांनी दुकान कधी थाटलं? भावाभावांची भागीदारी कधी झाली? प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कधी नोंदली गेली? आणि आज पाकिटावर आहे ते नाव बाजारात कधी आलं? यांतलं प्रत्येक उत्तर वेगळ्या दप्तरात सापडतं आणि बहुतेक वेळा चारही सालं वेगळी असतात.

हा फरक उघडपणे सांगणाऱ्या कंपन्याही आहेत. किर्लोस्कर ब्रदर्स आपली सुरुवात १८८८ पासून मोजते. ते साल लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातल्या सायकल-दुकानाच्या काळातलं. कंपनी म्हणून नोंदणी मात्र १९२० ची, आणि ती स्वतःच दोन्ही सालं देते. बातमीत यातलं कुठलंही वापरता येतं, फक्त क्रियापद बरोबर हवं. १८८८ मध्ये व्यवसाय सुरू झाला आणि १९२० मध्ये कंपनी नोंदली गेली.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: दुकान, भागीदारी, कंपनी, ब्रँड. पुढे जे सापडेल ते त्या त्या रकान्यात टाका. माझे पहिले दोन आठवडे वाया गेले ते या चौकटीविनाच कागद गोळा करत सुटल्यामुळे.

२. बसण्याआधी हाताशी काय हवं

- कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतं. ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नाव हमखास वेगळं निघतं.
- CIN, म्हणजे कंपनीचा २१ अक्षरी ओळख क्रमांक. कंपनीच्या लेटरहेडवर आणि वेबसाइटवर तो असायला हवा.
- केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर स्वतःचं खातं आणि ऑनलाइन पैसे भरायची सोय.
- जुने पत्ते. पेठ, घर नंबर, जवळची खूण, जे मिळेल ते.
- कुटुंबातली आडनावं आणि आजोबा-पणजोबांची नावं. जुनी दुकानं मालकाच्या नावानेच चालायची.
- संपादकांच्या सहीचं पत्र, दोन-तीन प्रती. ग्रंथालयात जुन्या फायली काढून देताना ते मागतात.

३. CIN वाचा, पण त्यावर भिस्त ठेवू नका

CIN च्या मधोमध चार आकडी साल असतं. नवखा बातमीदार इथेच खूश होतो आणि इथेच फसतो. पुण्यातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या बजाज ऑटोचाच क्रमांक घ्या:

```
L65993PN2007PLC130076
```

पहिलं अक्षर L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. तशी नसेल तर U. पुढचे पाच आकडे व्यवसायाचा संकेतांक. PN म्हणजे पुण्याच्या कंपनी निबंधकाकडची नोंद, मुंबईकडच्या कंपन्यांना MH असतं. मग नोंदणीचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार (PLC म्हणजे पब्लिक, PTC म्हणजे प्रायव्हेट) आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक.

म्हणजे बजाज ऑटो २००७ ची? ज्या घराच्या अंगणात १९७५ साली चेतक उभी होती, त्या घरात हे सांगून बघा. झालं असं की जुन्या बजाज ऑटोचं विभाजन झालं. १९४५ साली नोंदलेली मूळ कंपनी आज बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने आहे. वाहनांचा धंदा २००७ साली नोंदलेल्या नव्या कंपनीकडे गेला आणि पुढच्या वर्षी दोघींनी नावांची अदलाबदल केली. वाहन बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात वित्तव्यवसायाचा संकेतांक का दिसतो, त्याचं उत्तरही यातच आहे. नव्या कंपनीचं मूळ नाव होल्डिंग्जचं होतं.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. CIN मधलं साल हे त्या कायदेशीर व्यक्तीच्या जन्माचं साल असतं, धंद्याचं नव्हे. आणि प्रायव्हेटची पब्लिक झाली किंवा नोंदणीकृत पत्ता दुसऱ्या राज्यात गेला, तर CIN मधली बाकीची अक्षरं बदलू शकतात, पण नोंदणीचं साल तेच राहतं. म्हणून साल दावा केलेल्या वर्षाच्या पुढचं दिसलं की ‘पकडलं’ म्हणू नका. त्याआधी विभाजन, विलीनीकरण किंवा भागीदारीतून रूपांतर झालं होतं का, ते पाहा.

आमच्या मसाला कंपनीच्या CIN मध्ये १९९४ होतं. हे पाटीवरच्या १९३६ शीही जुळत नव्हतं आणि जाहिरातीतल्या १९६८ शीही.

४. शंभर रुपये भरा आणि कागद उघडा

संकेतस्थळावरच्या ‘Company Master Data’ मध्ये नोंदणीची तारीख फुकट दिसते. बहुतेक जण तिथेच थांबतात. खरं घबाड ‘View Public Documents’ मध्ये आहे. एका कंपनीसाठी शंभर रुपये भरले की तिने दाखल केलेले कागद ठरावीक मुदतीत पाहता आणि उतरवून घेता येतात. मुदत संपली की पुन्हा शंभर. त्यामुळे लग्नाला निघायच्या घाईत पैसे भरू नका. मी भरले होते.

कागदांचा ढीग मोठा असतो. आपल्याला फक्त तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली, नोंदणीचं प्रमाणपत्र. नाव बदलल्यावर नवं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नाव बदलल्याची तारीख मोठी दिसते. मूळ नाव आणि मूळ तारीख त्याच्याच मजकुरात वर असते. नवख्याचा डोळा खालच्या तारखेवर जातो.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, ‘मेमोरँडम ऑफ असोसिएशन’. यात कंपनीची उद्दिष्टं लिहिलेली असतात. जुन्या धंद्यातून निघालेल्या कंपनीच्या पहिल्या-दुसऱ्या उद्दिष्टातच ‘अमुक नावाच्या भागीदारी संस्थेचा चालू धंदा, मालमत्ता आणि देणी यांसह ताब्यात घेणे’ असं वाक्य सापडतं. हे वाक्य म्हणजे आधीच्या जन्माचा पत्ता. आमच्या कंपनीत ते होतं आणि त्यात भागीदारी संस्थेचं पूर्ण नावही होतं. ‘आणि मंडळी’ अशा शेवटाचं ते नाव ब्रँडशी अजिबात जुळत नव्हतं. हे नाव हातात नसताना मी दोन आठवडे चुकीच्या नावाने शोधत होतो.

तिसरी, सुरुवातीचे संचालक आणि भागधारक. कुटुंबातल्या कुणाची नावं आहेत आणि कुणाची गायब आहेत ते टिपून ठेवा. पुढे कामी येतं.

कागदांची ऑनलाइन भरणी २००६ पासूनची. त्याआधीचे कागद स्कॅन करून चढवलेले असतील तर नशीब. नसतील तर कायद्याने कुणालाही निबंधकाकडून प्रमाणित प्रत मागता येते, पानामागे पंचवीस रुपये. पुण्याच्या कंपनी निबंधकाचं कार्यालय आकुर्डी रेल्वे स्थानकाजवळ, प्राधिकरणाच्या ग्रीन बिल्डिंगमध्ये आहे. जुन्या लेखांत डेक्कनच्या पीएमटी इमारतीचा पत्ता दिसेल, तिकडे जाऊन उन्हात उभे राहू नका.

शेअर बाजारात नोंदलेली किंवा येऊ घातलेली कंपनी असेल तर एक जवळची वाट आहे. सेबीकडे दाखल झालेल्या माहितीपत्रकात कंपनीच्या इतिहासाचं स्वतंत्र प्रकरण असतं. वकिलांनी वाचलेलं आणि संचालकांनी सही केलेलं असल्यामुळे तिथे शतकांची अतिशयोक्ती फारशी चालत नाही. पाकिटावरचं साल आणि माहितीपत्रकातलं साल शेजारी ठेवून बघा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

५. भागीदारीचा माग: फर्म निबंधकाकडे

लिमिटेड कंपन्यांचं दप्तर केंद्राकडे, भागीदारी संस्थांचं राज्याकडे. महाराष्ट्राच्या फर्म निबंधकांचं प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे. संस्थेचं अचूक नाव आणि असल्यास नोंदणी क्रमांक देऊन अर्ज केला की नोंदवहीचा उतारा मिळतो. नाव चुकीचं असलं तर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा येतो, आणि त्याचा अर्थ संस्था नव्हती असा होत नाही.

इथे कायद्याचा थोडा इतिहास माहीत हवा. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याआधी फर्म नोंदवायची ही पद्धतच नव्हती. शिवाय नोंदणी सक्तीची नाही. न नोंदवलेल्या संस्थेला येणी वसूल करायला कोर्टात उभं राहता येत नाही, ही मुख्य अडचण. त्यामुळे अनेक संस्था वर्षानुवर्षं बिननोंदणीच्या चालल्या आणि पहिला मोठा गिऱ्हाईक पैसे बुडवायला लागला तेव्हा नोंदणीला धावल्या. म्हणजे नोंदणीची तारीख हे सुरुवातीचं साल धरू नका. उताऱ्यात प्रत्येक भागीदार संस्थेत कधी आला ती तारीखही असते, ती वाचा.

आमच्या उताऱ्यात नोंदणी १९७१ ची होती आणि तिन्ही भागीदार ‘१ एप्रिल १९६८’ पासून. १९९३ चा रौप्यमहोत्सव तंतोतंत जुळला. १९६८ कुठून आलं ते कळलं, १९३६ मात्र अजून अधांतरीच.

एक कागद लोक हमखास पुढे करतात, तो शॉप ॲक्टचा. त्यात धंदा सुरू झाल्याची तारीख लिहिलेली असते खरी, पण ती मालकाने स्वतः सांगितलेली. शिवाय राज्यातला पहिला दुकाने कायदाच १९३९ चा. ‘१९३६ चं शॉप ॲक्ट लायसन आहे आमच्याकडे’ असं कुणी म्हणालं तर कागद बघायला नक्की जा, पण चहा पिऊनच परत या.

६. ट्रेडमार्कच्या अर्जातली एक ओळ

ही युक्ती मला एका वकील मैत्रिणीने सांगितली. ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात अर्जदाराने ‘हे चिन्ह कधीपासून वापरतो’ ते लिहिलेलं असतं. आधीपासून वापर असेल तर कायद्यात हक्क भक्कम होतो, त्यामुळे कुणी मुद्दाम उशिराची तारीख लिहीत नाही. असेल नसेल तेवढी जुनी तारीख टाकण्याकडेच कल असतो. तेव्हा अर्जातली तारीखच पाटीवरच्या सालाच्या नंतरची निघाली, तर विचार करा.

आमच्या कंपनीने १९८५ साली केलेल्या अर्जात वापराची तारीख १ एप्रिल १९६८ लिहिली होती. म्हणजे पंच्याऐंशी सालापर्यंत खुद्द कुटुंबाच्याही लेखी धंदा अडुसष्टचाच होता. उलट दिशेने मात्र हा पुरावा वापरू नका. अर्जात १९३६ असतं, तरी तेवढ्याने १९३६ सिद्ध झालं नसतं. दावाच तो, फक्त दुसऱ्या कागदावर. २०१७ च्या नियमांनंतर जुन्या वापरासाठी प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, म्हणून त्यानंतरचे अर्ज थोडे जड धरायचे.

७. वृत्तपत्रांच्या फायली: साल शोधू नका, वर्धापनदिन शोधा

‘१९३६ च्या फायली काढून द्या’ असं म्हणत ग्रंथालयात जाऊ नका. नव्या दुकानाची बातमी कुणी छापत नसे आणि वर्षभराची पानं चाळायला महिना लागतो. देवनागरीचे जुने खिळे आणि पिवळी पानं यांच्यापुढे संगणकी शोध हात टेकतो. स्कॅन असले तरी नजरेनेच वाचावं लागतं.

त्याऐवजी दाव्यावरून उलटं गणित करा. १९३६ खरं असेल तर १९६१ ला रौप्य, १९८६ ला सुवर्ण, १९९६ ला हीरक आणि २०११ ला अमृतमहोत्सव व्हायला हवा. धंदेवाईक माणूस सुवर्णमहोत्सव गुपचूप उरकत नाही. या चार वर्षांतले फक्त दसरा, दिवाळी आणि पाडव्याच्या आसपासचे अंक मागवा. दिवाळी अंकांच्या जाहिरातींची पानंही बघा, आपल्याकडचे छोटे कारखानदार तिथे हमखास सापडतात. हे काम दोन दिवसांत होतं.

आमच्या कंपनीचं १९८६ आणि १९९६ रिकामं निघालं. १९९३ मध्ये पंचविशी होती, आणि २०११ मध्ये अचानक ‘पंचाहत्तर वर्षांची परंपरा’. म्हणजे साल १९९३ ते २०११ या काळात कधीतरी मागे सरकलं. वेबॅक मशीनवर कंपनीच्या वेबसाइटची जुनी रूपं बघितली, तर २००५ च्या पानावर ‘१९६८ पासून’ आणि २००९ च्या पानावर ‘१९३६ पासून’. त्या मधल्या काळात तिसरी पिढी कारभारात आली होती, हे संचालकांच्या नोंदींवरून दिसत होतं.

पुण्यात फायली कुठे बघाल? केसरीची परंपरा १८८१ पासूनची, त्यांच्या ग्रंथालयासाठी नारायण पेठेत केसरीवाड्यावर जा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आर्थिक विषयांसाठी उत्तम, जुने अहवाल आणि व्यापारी सूची तिथे बघाव्यात. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात इंग्रजी वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहांची चौकशी करा. तिथे शोधताना ‘Pune’ नव्हे, ‘Poona’ टाका. सकाळ १९३२ सालचा, म्हणून तीसच्या दशकानंतरच्या पुण्यातल्या धंद्यांसाठी तो महत्त्वाचा. मराठा चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेची स्थापना १९३४ ची, तिथे जुन्या सभासदांची नोंद विचारून बघायला हरकत नाही.

आणि एक. फायलीत बातम्यांपेक्षा ‘जाहीर नोटीस’ जास्त वाचा. नोंदलेल्या संस्थेतून भागीदार निवृत्त झाला किंवा संस्था मोडली, तर भागीदारी कायद्याप्रमाणे निबंधकाला कळवून राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर करावं लागतं. भांडणं, वाटण्या, जागेचे दावे सगळं तिथे येतं. वाढदिवसाची जाहिरात मिरवण्यासाठी असते. नोटीस नाइलाजाने दिलेली असते, म्हणून मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

याच्या उलट, अलीकडच्या पन्नास बातम्यांत १९३६ आढळलं म्हणून ते पन्नास पुरावे होत नाहीत. सगळ्यांची आई एकच, प्रसिद्धिपत्रक. ते साल छापील मजकुरात पहिल्यांदा कधी आलं, एवढंच शोधा.

८. शके आणि पूर

ही दोन पुणेरी वळणं बाहेरच्या मार्गदर्शकांत सापडणार नाहीत.

कंपनीच्या तरुण संचालकांना मी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, आमच्याकडे पणजोबांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो आहे. या, दाखवतो.” गेलो. खरंच होता. लाकडी पाटी, किराणा भुसार दुकान, खाली ‘विजयादशमी, शके १८५८’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. दसरा आश्विनात, म्हणून इथे ७८. उत्तर १९३६. माघातली तिथी असती तर १९३७ झालं असतं, आणि असा एका वर्षाचा घोळ कित्येक घराण्यांच्या इतिहासात आहे.

म्हणजे १९३६ हवेतून आलेलं नव्हतं. पण पाटी कधी रंगवली ते फोटो सांगत नाही. स्वतंत्र पुरावा म्हणून मी पणजोबांच्या नावाने आणि नारायण पेठेच्या पत्त्याने पुन्हा फायलींत शिरलो आणि १९४१ च्या दिवाळीतली चार ओळींची जाहिरात मिळाली: उत्तम तूप, गूळ, धान्य, घरपोच. मसाल्याचा उल्लेख नाही. दुकान १९४१ मध्ये चालू होतं, एवढं पक्कं झालं.

मग मी विचारलं की १९४१ ते १९६८ मधलं काही आहे का. “पानशेतच्या पुरात सगळं गेलं,” संचालक म्हणाले. हे वाक्य पुण्यात तुम्हाला दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळेल. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत खरोखरच घरंच्या घरं वाहून गेली. त्यामुळे ते झिडकारू नका, तपासा. जागा नदीपासून किती लांब होती? पाणी तिथवर आलं होतं का? आमच्या बाबतीत आलं होतं. पण पुरात घरातले कागद गेले, तरी वर्तमानपत्रांच्या फायली आणि निबंधकाचं दप्तर शिल्लक असतं.

शिवाय पुराबद्दल विचारताना कागदांचं काय झालं एवढ्यावर थांबू नका, धंद्याचं काय झालं तेही विचारा. संचालकांच्या आत्याबाई तिथेच बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या सहज म्हणाल्या, “दुकान गेलं ते गेलंच रे. आप्पांनी मग नोकरीच धरली. मसाले कांडायला आम्ही बायकांनी घेतले, ते पुष्कळ नंतर.”

या बोलण्याने माझे चारही रकाने जुळले. दुकान १९३६ चं. १९६१ ला ते बंद पडलं. सात वर्षं काहीच नाही. मग १९६८ ला त्याच घरात, वेगळा माल आणि वेगळे भागीदार घेऊन नवा धंदा. १९९४ च्या मेमोरँडममध्ये ताब्यात घेतलेला धंदाही याच भागीदारीचा होता, दुकानाचा नव्हे. घराणं सलग होतं, धंदा सलग नव्हता.

९. सातत्याची कसोटी लावा

जुनं साल वापरायचा हक्क कंपनीला आहे का, हे ठरवताना मी तीन गोष्टी बघतो: माणसं तीच का, माल किंवा काम तेच का, आणि मध्ये खंड पडला का. यातल्या दोन बाजूने असतील तर मी जुनं साल ‘मूळ व्यवसायाची सुरुवात’ म्हणून स्वीकारतो. किर्लोस्करांचा सायकलींचा धंदा नांगरांकडे आणि पुढे पंपांकडे वळला, माल बदलला, पण तीच माणसं काम करत राहिली. आमच्या मसालेवाल्यांकडे फक्त कुटुंब समान होतं. ही माझी मोजपट्टी आहे, कायद्याची नव्हे. तुमचे संपादक वेगळी लावू शकतात. पण कुठली लावली ते वहीत लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी फोन येतोच.

१०. कंपनीला विचारा, लेखी

कागद हाती आल्यावरच, आणि नेमके प्रश्न. ‘तुमचं साल खोटं आहे का?’ असं विचारलंत तर संभाषण तिथेच संपतं. मी लिहिलं होतं: १९८५ च्या अर्जात आणि १९९३ च्या जाहिरातीत १९६८ हे साल आहे, १९३६ वापरायचं कधी आणि कशाच्या आधारे ठरलं? १९६१ ते १९६८ या काळातल्या व्यवहाराचा काही कागद आहे का? उत्तरासाठी आठवडा दिला. पाचव्या दिवशी सरळ उत्तर आलं: पणजोबांच्या स्मरणार्थ २००७ साली साल बदललं, मधल्या काळातला कागद नाही.

११. बातमीत कसं लिहायचं

प्रत्येक सालाला त्याचं क्रियापद आणि त्याचा आधार द्या. आमच्याकडे शेवटी असं छापून आलं:

“कंपनी आपली स्थापना १९३६ ची सांगते. त्या साली कुटुंबाने नारायण पेठेत किराणा दुकान सुरू केल्याचं कंपनीचं म्हणणं आहे. १९४१ च्या जाहिरातीत हे दुकान आढळतं. पानशेत पुरानंतर ते बंद पडलं, असं कुटुंबीय सांगतात. मसाल्याचा व्यवसाय करणारी भागीदारी संस्था नोंदींनुसार १९६८ पासूनची असून तिचा धंदा १९९४ मध्ये नोंदलेल्या सध्याच्या कंपनीने ताब्यात घेतला.”

‘म्हणणं आहे’, ‘आढळतं’, ‘सांगतात’, ‘नोंदींनुसार’ हे चार शब्द उपसंपादकाला कापू देऊ नका. जागा कमी म्हणून आधी त्यांच्यावरच कात्री चालते. ‘नव्वदीत पदार्पण’ हा मथळा अर्थातच गेला आणि बातमी चौथ्या पानावरून सातव्यावर घसरली. आत्याबाईंचा फोटो मात्र छापला, मसाले कांडतानाचा, १९६९ चा. कंपनीने त्याची मूळ प्रत आमच्याकडून परत मागून घेतली आणि आता ती त्यांच्या कार्यालयात लावली आहे. पाकिटावर अजून १९३६ च आहे.